फिल्टर चोख, फटीचं काय?

दिवाळीचे दिवे उतरले की बाजारात दोन वस्तूंचा हंगाम सुरू होतो : हवा शुद्ध करणारं यंत्र, म्हणजे एअर प्युरिफायर, आणि मास्क. जाहिरातीत आई हसते, बाळ झोपतं आणि खिडकीबाहेरचं काळं आभाळ क्षणात निळं होतं. आभाळ काही कुणाच्या प्युरिफायरने निळं होत नाही. पण म्हणून या वस्तू बिनकामाच्या आहेत असंही नाही. दोन्ही एकच काम करतात आणि ते चांगलं करतात : हवेतले बारीक कण अडवतात. त्यांची खरी गंमत खोक्यावरच्या मोठ्या अक्षरांत सापडत नाही, म्हणून इथे सांगतो.

एका केसात पंचवीस जण

पीएम २.५ हे नाव आता रिक्षावाल्यालाही पाठ आहे. २.५ मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण, एवढाच त्याचा अर्थ. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे जाड केसाच्या रुंदीत असे पंचवीसेक कण शेजारी-शेजारी सहज मावतील. नाकातले केस धूळ अडवतात हे खरं, पण हे कण त्यांच्यामधून निसटून फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात.

भारतीय मानकानुसार चोवीस तासांच्या सरासरीत एका घनमीटर हवेत ते ६० मायक्रोग्रॅमपर्यंत चालतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मर्यादा १५ वर आणली. खोक्यावर ‘सुरक्षित हवा’ असं छापलेलं दिसलं, तर यातल्या कुठल्या आकड्याने सुरक्षित, हे विचारायला हरकत नाही.

सकाळची ‘शुद्ध’ हवा

थंडीत पहाटे जमीन गारठते, तिच्यालगतची हवाही गारठते आणि वर तुलनेने उबदार हवेचा थर बसतो. पातेल्यावर झाकण ठेवावं तसा तो खालचा धूर खालीच दाबून ठेवतो. मुंबईत त्यात भर म्हणजे समुद्राकडून येणारा वारा थंडीत मंदावतो किंवा उशिरा सुरू होतो, आणि बांधकामांची धूळ शहरातच रेंगाळते. ऊन तापलं की झाकण उचललं जातं आणि दुपारी कण वर पसरून विरळ होतात.

म्हणजे धुक्यात कानटोपी घालून पहाटे फेऱ्या मारणारे आजोबा बहुतेक वेळा दिवसातली सगळ्यात वाईट हवा छातीत भरून घेत असतात. थंडीचे दोन-तीन महिने फिरण्याची वेळ दुपार उलटल्यावरची ठेवली, तर एक पैसा खर्च न करता फायदा होतो. घराच्या खिडक्या उघडायच्या तर त्याही साधारण दुपारीच. त्या दिवशीचा आकडा पाहायचा असेल तर पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेची ‘सफर’ ही सेवा मुंबई-पुण्याच्या हवेची माहिती देते.

धुक्याने बंद पाडलेली संगीतिका

५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत लंडनवर कोळशाच्या धुराचं धुकं बसलं. तेव्हा सुमारे चार हजार जास्तीचे मृत्यू मोजले गेले. नंतरच्या अभ्यासांनी तो आकडा बारा हजारांपर्यंत नेला. त्याच दिवसांत सॅडलर्स वेल्स थिएटरमध्ये ‘ला त्राव्हियाता’ या संगीतिकेचा प्रयोग पहिल्या अंकानंतर थांबवावा लागला. धुकं नाट्यगृहात शिरलं होतं, प्रेक्षकांना रंगमंच दिसेना आणि सगळे खोकत होते.

दारं बंद होती, भिंती भक्कम होत्या, तरी हवा आत आलीच. आपल्या घरातही तेच होतं. सरकत्या खिडकीच्या रुळातून, दाराखालून, बाथरूमच्या झरोक्यातून बाहेरची हवा येत राहते. सगळ्या खिडक्या बंद असलेल्या खोलीतली निम्मी हवा तासाभरात बदलली, तर त्यात नवल नाही. ही फट लक्षात ठेवा. पुढचा सगळा हिशेब तिच्याभोवती फिरतो.

सगळ्यात लहान कण पकडणं सोपं

प्युरिफायरमधला हेपा फिल्टर ज्या संशोधनातून आला, ते १९४० च्या दशकातल्या अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पाशी जोडलेलं आहे. किरणोत्सारी धूळ प्रयोगशाळेबाहेर जाऊ नये म्हणून असा फिल्टर हवा होता. अमेरिकी व्याख्येप्रमाणे खरा हेपा ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो.

इथे गंमत आहे. त्याहून लहान कण निसटत असतील असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात ते जास्त सापडतात. हेपा ही चाळणी नाहीच, तो काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या बारीक तंतूंचा गुंता आहे. मोठे कण सरळ जाऊन तंतूंवर आदळतात. अगदी चिमुकल्या कणांना हवेचे रेणू इतके ढकलतात की ते वेडेवाकडे भटकतात आणि कुठल्या तरी तंतूला चिकटतातच. ०.३ मायक्रॉनच्या आसपासचा कण मात्र धड आदळतही नाही आणि धड भटकतही नाही. म्हणून फिल्टरची परीक्षा त्याच्याच कमकुवत जागी घेतात. खोक्यावर ०.३ दिसलं तर ती उणीव नाही, सगळ्यात अवघड पेपरचे गुण आहेत.

उणीव दुसऱ्या शब्दांत लपते. ‘हेपा-टाइप’, ‘हेपा-सारखा’ असं छापलं असेल, तर तिथे वर्ग सांगितलेला नाही. एच-१३ असा वर्ग छापलेला असेल, तर निदान चाचणीचं नाव तरी कळतं.

लांबी, रुंदी, उंची, भागिले सात

फिल्टर कितीही चांगला असला, तरी त्यातून हवा गेली पाहिजे. ती किती जाते आणि किती साफ होऊन येते, याचा एकत्रित आकडा म्हणजे सीएडीआर. तो घनमीटर प्रति तासात दिलेला असतो. खोक्यावरच्या ‘५०० चौरस फुटांसाठी योग्य’ या ओळीपेक्षा हा एकच आकडा बघा.

उदाहरण घेऊ. १२ बाय १० ची बेडरूम, छत ९ फुटांवर. गुणाकार १०८० घनफूट. खोलीतली हवा तासाला साधारण पाच वेळा फिल्टरमधून फिरावी, हा बऱ्यापैकी चांगला निकष. त्यासाठी घनफुटांचे घनमीटर करून पाचने गुणायचं, म्हणजेच घनफुटांना सरळ सातने भागायचं : १०८० भागिले ७, म्हणजे १५४. या खोलीला १५० च्या आसपास सीएडीआर असलेलं यंत्र पुरतं. दुप्पट किमतीचं घ्यायची गरज नाही.

आता ‘५०० चौरस फूट’ लिहिलेल्या, ३०० सीएडीआरच्या यंत्राकडे वळू. नऊ फूट उंचीच्या तेवढ्या जागेत ते तासाला अडीचपेक्षाही कमी वेळा हवा फिरवेल. जाहिरात खोटी नाही, तिने फेऱ्या कमी धरल्या आहेत एवढंच. आणि छापलेला सीएडीआर पूर्ण वेगावरचा असतो. रात्री आवाज नको म्हणून ‘स्लीप मोड’ लावला की तो बराच खाली येतो. त्यामुळे गरजेपेक्षा थोडं मोठं यंत्र घेऊन मधल्या वेगावर चालवणं हाच शहाणा सौदा.

खिडकी उघडी, पैसे वाया

त्याच बेडरूमबाहेर पीएम २.५ १२० आहे असं धरू. खिडक्या बंद आहेत, फटींतून तासाला निम्मी हवा बदलते आणि प्युरिफायर पाच फेऱ्या मारतो. काही वेळाने आतला आकडा स्थिरावतो तो ११ च्या आसपास. स्लीप मोडमध्ये फेऱ्या दोनवर आल्या तर २४. खिडकी सताड उघडली आणि तासाला पाच वेळा बाहेरची हवा आली तर ६०. ११ आणि ६० मध्ये यंत्र तेच, फिल्टर तोच, वीज तितकीच. फरक फक्त फटीचा.

हा कागदावरचा हिशेब आहे. त्यात चालण्याने उडणारी धूळ नाही आणि स्वयंपाकघरही नाही. तुमच्या घरात आकडे इकडे-तिकडे होतील, पण क्रम बदलणार नाही. म्हणून अख्ख्या फ्लॅटसाठी एक यंत्र हॉलमध्ये ठेवण्यापेक्षा, जिथे सात-आठ तास झोपता ती खोली निवडा आणि दार लावून घ्या. विजेचा धसका नको : ४५ वॉटचं यंत्र रोज दहा तास चाललं तर महिन्याला साडेतेरा युनिट होतात. खरा खर्च नव्या फिल्टरचा आहे. त्याची किंमत यंत्र घेण्याआधीच विचारून ठेवा.

आणि एक नेहमीचा घोळ. नव्या यंत्रात फिल्टर बऱ्याचदा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आत बसवलेला असतो. मागचं झाकण उघडून ती पिशवी काढायची असते. ती न काढताच लोक यंत्र महिनोन्‌महिने चालवतात, आणि पंखा इमानेइतबारे तीच हवा फिरवत बसतो. महिन्या-दोन महिन्यांनी फिल्टर उघडून पाहा. पांढरा असलेला राखाडी झाला असेल, तर तो कामावर आहे.

फोडणीचा आकडा

प्युरिफायरच्या अंगावर आकडा दाखवणारी छोटी पट्टी असते. स्वयंपाकघराचं दार उघडं ठेवून मोहरी-हिंगाची फोडणी द्या, मिरची तडतडू द्या, हॉलमधला आकडा हां हां म्हणता तिप्पट होतो आणि दिवा लाल होतो. यंत्र बिघडलेलं नाही. तेलाचा धूर हाही पीएम २.५ च. एक्झॉस्ट फॅन लावा, दार ओढून घ्या, पण प्युरिफायर ओट्याजवळ नेऊ नका. तेलकट वाफेने फिल्टर वेळेआधीच चिकट होऊन बसतो.

डासांच्या अगरबत्तीची गोष्ट याहून तिखट. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चीन आणि मलेशियातल्या कॉइल जाळून मोजमाप केलं. एका कॉइलमधून बाहेर पडणारे पीएम २.५ कण वजनाने ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले. एका कोपऱ्यात कॉइल आणि दुसऱ्या कोपऱ्यात प्युरिफायर, ही एकाच खोलीतली कुस्ती थांबवायची असेल तर मच्छरदाणी लावा. तिला ना वीज लागते ना फिल्टर.

जे त्याला जमत नाही

हेपा कण पकडतो, वायू पकडत नाही. कार्बन मोनॉक्साइड त्यातून आरपार जातो. म्हणून बंद खोलीत शेगडी पेटवून शेजारी प्युरिफायर लावणं जिवावर बेतू शकतं. काही यंत्रांत कोळशाचा, म्हणजे ॲक्टिव्हेटेड कार्बनचा थर असतो. तो वास आणि काही वायू थोडेफार शोषतो, पण पातळ थर लवकर भरून जातो.

प्युरिफायर प्राणवायूही तयार करत नाही. आपल्या त्याच बेडरूममध्ये दोन माणसं दार-खिडकी लावून झोपली, तर पहाटेपर्यंत कार्बन डायऑक्साइड दोन हजार पीपीएमच्या आसपास जाऊ शकतो. बाहेर तो सव्वाचारशेच्या आसपास असतो. कणांचा आकडा हिरवा आणि डोकं मात्र जड, हे त्यामुळे होतं. दुपारी खिडकी उघडून खोलीला मोकळा श्वास द्या, ती बंद करून यंत्र लावा, अर्ध्या-पाऊण तासात कणांचा आकडा पुन्हा खाली येतो.

आणि कुंड्या? १९८९ च्या नासाच्या अभ्यासाचा हवाला देऊन स्नेक प्लांट खपवले जातात. तो प्रयोग छोट्या बंद पेटीतला होता आणि कणांचा नव्हताच, बेन्झिनसारख्या वायूंचा होता. २०१९ मध्ये अशा प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला. खिडकीतून जितकी हवा बदलते त्याची बरोबरी करायला दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील, असं निघालं. झाडं जरूर लावा, डोळ्यांना बरं वाटतं.

रिकाम्या यंत्राने केलेला न्याय

मग आरोग्याला फायदा होतो का? शांघायमध्ये २०१४ साली ३५ निरोगी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात प्युरिफायर लावले. निम्म्या खोल्यांत खरे, निम्म्यांत आतला फिल्टर काढलेले. पंखा दोन्हीकडे घुमत होता, कुणाला काय मिळालं हे कळत नव्हतं. ४८ तासांनी मोजलं आणि काही दिवसांनी अदलाबदल केली. खऱ्या यंत्रांच्या खोल्यांत पीएम २.५ ५७ टक्क्यांनी कमी झाला, ९६ वरून ४१ वर. रक्तातल्या सुजेच्या काही खुणा उतरल्या आणि रक्तदाबही किंचित उतरला.

चांगली बातमी आहे, पण तिची लांबी-रुंदीही बघा. माणसं ३५, तीही तरुण, आणि मुक्काम दोन दिवसांचा. यावरून ‘हृदयविकार टळतो’ किंवा ‘आयुष्य वाढतं’ असं म्हणता येत नाही. आणि जागतिक आरोग्य संघटनेची १५ ची मर्यादा तिथेही गाठली गेली नाही. दमा असेल तर यंत्र औषधाच्या जोडीला येऊ शकतं, इनहेलरच्या जागी नाही.

मास्कमधली वीज

एन-९५ मास्क चाचणीतले किमान ९५ टक्के कण अडवतो. युरोपातला आणि आपल्या आयएस ९४७३ मानकातला एफएफपी-२ हा वर्ग ९४ टक्क्यांचा. व्यवहारात दोघे भाऊ-भाऊ. एवढ्या पातळ कापडातून श्वासही घेता येतो आणि कणही अडतात, कारण मधल्या थराच्या तंतूंमध्ये कायमस्वरूपी विद्युतभार भरलेला असतो. तो कणांना खेचून घेतो. हे तंत्र रुळवण्यात टेनेसी विद्यापीठातले पीटर त्साय यांचा मोठा वाटा आहे.

म्हणूनच एन-९५ साबणात भिजवून दोरीवर वाळत घालायचा नसतो. साबणाने आणि स्पिरिटने तो भार उतरतो. मास्क दिसायला स्वच्छ होतो, कामाला अर्धा राहतो. मळला, ओला झाला, पट्टी सैल पडली किंवा श्वास घेणं जड वाटू लागलं की टाकून द्यायचा. व्हॉल्व्हवाला मास्क प्रदूषणापुरता चालतो, कारण आत येणारी हवा गाळूनच येते. २०२० मध्ये सरकारने त्याला नको म्हटलं, ते बाहेर जाणारा श्वास न गाळता सुटतो म्हणून, संसर्गाच्या भीतीने.

मिशी पास, दाढी नापास

२०१७ साली अमेरिकेच्या सीडीसीने दाढी-मिशांच्या नाना तऱ्हांचं एक चित्र काढलं : कुठल्या तऱ्हेवर मास्क नीट बसतो आणि कुठल्या नाही. झोरो छाप बारीक मिशी पास, वॉलरसच्या दाट मिशाही पास, पूर्ण दाढी नापास. नियम सरळ आहे. केस मास्कच्या आत मावले तर ठीक, पण मास्कची कड जिथे कातडीला टेकते तिथे केस नकोत. दोन दिवसांची खुंटंही तिथे फट पाडतात.

फटीचा हिशेब इथेही तोच. चांगला एन-९५, पण दहा टक्के हवा कडेने आत येते. उरलेल्या नव्वदातले पाच टक्के निसटतात. एकूण साडेचौदा टक्के कण आत, म्हणजे १२० च्या रस्त्यावर तुम्ही १७ ची हवा घेता. कडा सैल असून निम्मी हवा बाजूने आली तर ६३. तिथे फिल्टर ९५ चा असला काय आणि ९९ चा असला काय! अमेरिकेचे कामगार-सुरक्षा नियमही नीट बसलेल्या अशा मास्ककडून दहापट संरक्षणच धरतात, वीसपट नाही.

पारख सोपी आहे. नाकावरची तार दोन्ही हातांनी दाबून बसवा, दोन्ही तळवे मास्कवर धरून जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे हवा लागली किंवा चष्म्यावर धुकं आलं तर वरून फट आहे. डोक्यामागून जाणारे दोन पट्टे कानातल्या दोऱ्यांपेक्षा घट्ट धरतात. पुण्यात स्कूटरवर चेहऱ्याला गुंडाळतात तो स्कार्फ ऊन, वारा आणि जाड धूळ यांच्यासाठी छान, पीएम २.५ साठी भोकांचाच. लहान मुलांच्या चेहऱ्यावर मोठ्यांचा मास्क बसतच नाही, त्यांना वाईट दिवशी आत खेळवलेलं बरं. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर घट्ट मास्क लावून चढ चढण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आणि आता आमची जाहिरात

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार फसव्या जाहिरातीला दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत. आम्हाला दोन्ही परवडणारे नाहीत. म्हणून या थंडीची आमची जाहिरात अशी :

‘प्युरिफायर घ्या. सीएडीआर १५०. १२ बाय १० च्या खोलीत, खिडक्या बंद आणि वेग पूर्ण असताना कण बरेच कमी होतील. खिडकी उघडलीत तर होणार नाहीत. वायू, प्राणवायू आणि शेजाऱ्यांचा कचऱ्याचा धूर, यांची हमी नाही. नव्या फिल्टरची किंमत मागे छापली आहे. पिशवी काढायला विसरू नका.

सोबत एन-९५ मास्क. चेहऱ्याला चिकटला तर उपयोगी, हनुवटीवर असला तर शोभेचा. धुऊ नये. दाढीवाल्यांनी पैसे वाचवावेत.’